येथील सर्व क्षेम

मराठी पत्राच्या मायन्यात एक वाक्य असे आहे की, ते लिहिताना लिहिणाऱ्याचा हात थांबत नाही आणि वाचताना वाचणाऱ्याची नजर थांबत नाही. 'येथील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे' हे ते वाक्य. मोडी कागदांतही ते थोड्याफार फरकाने आढळते, आणि तंजावरच्या सरस्वती महालात मोडीची जी शेकडो बाडे बांधून ठेवलेली आहेत, ती लिहिणाऱ्या कारकुनांच्या बोटांनाही या वळणाची सवय असणारच. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु ज्याला पत्र लिहावयाचे तो माणूस सहा-सहा, नऊ-नऊ महिने जहाजावर असला, तर हे वाक्य लिहावे की नाही हाच एक नैतिक प्रश्न होऊन बसतो. गेल्या आश्विनात पापनाशम येथे, आमच्या भाच्याला दिवाळीच्या शुभेच्छांचे पत्र लिहावयास बसलो असता, या प्रश्नाने आम्हांला बराच वेळ अडवून धरले. तो प्रश्न आणि आम्हांला सापडलेले त्याचे उत्तर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाचा मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअर आहे. आपण बदलीवर असलेली माणसेही घरापासून दूरच असतो. पण आपल्या दूरपणाला रेल्वेचे वेळापत्रक असते. तार आली, किंवा आता फोन आला, की रात्रीची गाडी धरून दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी आपण घराच्या पायरीवर उभे असतो. जहाजावरच्या माणसाचे तसे नाही. त्याला पायउतार होण्यासाठी बंदर लागते, बंदरात त्याची जागा घेणारा माणूस यावा लागतो, आणि दोन्ही होईपर्यंत, घरात काहीही घडले तरी, त्याने आपल्या पाळीवर उभे राहावयाचे असते. म्हणूनच अशा माणसाला काय कळवावे आणि काय कळवू नये याविषयी प्रत्येक घराचे काही अलिखित नियम असतात. आमच्याही घरी होते, आणि ते चुकीचे होते हे कबूल केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

२०२० साली भाचा शिकाऊ उमेदवार म्हणून पहिल्याच जहाजावर होता. जानेवारीत गेलेला मुलगा ऑक्टोबरात परतावयाचा होता. मध्यंतरी करोनाची साथ आली, देशोदेशींची बंदरे आणि विमाने बंद झाली, आणि मुदत संपलेली माणसे जहाजांवरच अडकून पडली. त्या वर्षीच्या डिसेंबरात अशा माणसांची संख्या सुमारे चार लाख असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता. त्या चार लाखांत आमचा एक होता. सप्टेंबरात आमचे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, वार्धक्याने वारले. त्याच्या आईने, आम्ही आणि इतर वडीलधाऱ्यांनी बसून ठरविले की, त्याला हे कळवावयाचे नाही. तो येऊ तर शकत नाही. मग उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?

नोव्हेंबरात दिवाळी आली. शुभेच्छापत्र लिहिण्याचे काम, हाताला थोडी लेखनाची सवय म्हणून, आमच्याकडे आले. आम्ही कागदावर पत्र लिहिले, त्याचे छायाचित्र काढून कंपनीच्या ई-मेलवरून जहाजावर पाठविले. 'येथील सर्व क्षेम' हे वाक्य त्यात होतेच; शिवाय शेवटी एक ओळ होती : 'आजोबांचे तुला अनेक आशीर्वाद.' फेब्रुवारीत मुलगा घरी आला. दारातून आत येताच समोरच्या भिंतीवर हार घातलेली तसबीर त्याने पाहिली. तो काही बोलला नाही. रात्री त्याने बॅगेतून एक कागद काढला. आमचे पत्र त्याने जहाजावर छापून घेतले होते आणि ते तीन महिने आपल्या बंकच्या वर चिकटवून ठेवले होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने एवढेच विचारले, "मामा, हे वाक्य कोणी लिहिलं?"

त्या प्रश्नाला आम्ही त्या रात्री जे उत्तर दिले ते आज आठवले तरी लाज वाटते. आम्ही म्हणालो, "आशीर्वाद तर खरेच होते ना? माणूस गेला म्हणून आशीर्वाद जात नाहीत." या उत्तरात शब्दशः खोटे काहीच नव्हते, आणि तेच त्याचे मोठे दूषण होते. महाभारतात युधिष्ठिराने द्रोणांना अश्वत्थामा मेल्याचे सांगितले, आणि मेला तो त्या नावाचा हत्ती, हे हळूच पुटपुटले. शब्द खरे राहिले, परंतु द्रोणांच्या मनात जो अर्थ उतरावा अशी इच्छा होती तो खोटा होता; आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला अशी कथा आहे. व्यासांनी रथ खाली आणला तो शब्दांच्या खरेखोटेपणावरून नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनात जाणूनबुजून काय उभे केले त्यावरून. आमच्या त्या ओळीने मुलाच्या मनात उभे केले ते एक जिवंत आजोबा; आणि तीन महिने तो त्यांच्यासाठी परदेशच्या बंदरातून काय आणावे याचा विचार करीत होता.

असे असले तरी लपविणाऱ्यांची बाजूही सरळ झिडकारण्यासारखी नाही. ती केवळ भित्रेपणाची नसते. आमच्या बहिणीचा मुद्दा असा होता की, मुलगा इंजिन-रूममध्ये काम करतो; मन ठिकाणावर नसले तर हात ठिकाणावर राहणार नाही. हा मुद्दा काल्पनिक नव्हे. जहाजाचे जड इंधन शुद्ध करणारी जी यंत्रे असतात, त्यांत ते इंधन सुमारे ९८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घालावे लागते. एक झडप चुकीच्या क्रमाने उघडली तर हात भाजतो किंवा आग लागते. अपुऱ्या झोपेने अपघात होतात हे जाणूनच सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय कराराने चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती सक्तीची केली आहे. ज्याने रात्र रडून काढली त्याची विश्रांती कागदावर पुरी भरते, प्रत्यक्षात नाही. तेव्हा वार्ता केव्हा आणि कोणाच्या तोंडून सांगावी याला जहाजावर घरापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर 'कधीच नाही' असे देणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे.

लपविणाऱ्यांचा दुसरा मुद्दा 'तो येऊ शकत नव्हता' हा. २०२० साली हे अक्षरशः खरे होते. पण येणे ही एकच गोष्ट माणूस करू शकतो काय? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, दूरदेशी वारलेल्या सपिंडाची वार्ता उशिरा कानी आली तर काय करावे याचा विचार आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस सुतक पाळावे, दहा दिवसांनंतर कळले तर तीन रात्री, आणि वर्ष उलटून गेले असेल तर केवळ स्नान करावे. या नियमांचे आजच्या काळी पालन करावे असे आमचे म्हणणे नाही. आमचे लक्ष त्यामागील गृहीताकडे आहे. अंतर पडणार, वार्ता रेंगाळणार, दूरचा माणूस अंत्यसंस्काराला पोहोचणार नाही, हे सारे त्या स्मृतिकाराने धरून ठेवले होते. आणि तरीही ऐकल्या क्षणापासून त्या माणसाच्या वाट्याला शोकाचा काही निश्चित भाग यावा, अशी व्यवस्था त्याने केली. शोक हे नुसते सोसणे नव्हे. ते एक कर्तव्य आहे, आणि म्हणून तो एक अधिकारही आहे. आमच्या भाच्याने जहाजावर एक दिवस डेकवर उभे राहून समुद्रात पाणी सोडले असते, सोबतच्या मुलांना आजोबांच्या गोष्टी सांगितल्या असत्या, आईला फोन करून तिच्याबरोबर रडला असता. आम्ही त्याच्यापासून दुःख दूर ठेवले नाही. दुःख करण्याची वेळ तेवढी काढून घेतली. तो घरी आला तेव्हा बाकीचे घर रडून मोकळे झालेले होते, आणि त्याला एकट्याला नव्याने सुरुवात करावी लागली.

याहूनही मोठी हानी पुढे लक्षात आली. त्यानंतरच्या प्रत्येक जहाजावरून आमच्या प्रत्येक पत्रानंतर त्याचा एकच प्रश्न येऊ लागला, "सर्व ठीक म्हणता, पण खरं ठीक आहे ना?" येथे आमचे डोळे उघडले. जे घर वाईट घडले तरीही 'सर्व क्षेम' असेच लिहिणार, त्याने काही वाईट घडले नसताना लिहिलेल्या 'सर्व क्षेम'ला काय किंमत उरते? पहारेकरी चोर आला तरी, न आला तरी, 'सब ठीक' अशीच आरोळी देत असेल, तर त्याच्या आरोळीने धन्याला झोप लागणार नाही. शुभेच्छापत्राने दर्यावर्दी माणसाला द्यावयाची ती निश्चिंती. आणि निश्चिंती देण्याचे सामर्थ्य त्याच पत्राला असते, जे प्रसंगी अक्षेमही कळवील असा भरवसा असतो. म्हणजे आम्ही एका पत्रात एक खोटी ओळ घातली ती मागच्या-पुढच्या सगळ्या खऱ्या ओळींना लागली.

आपल्या जुन्या लोकांनी या भरवशाची सोय एका साध्या संकेताने केली होती. अशुभ वार्तेच्या पत्रावर माथ्याशी 'श्री' लिहीत नसत. कार्ड हाती येताच माथा कोरा दिसला की घर समजून चुके. तामिळ मुलुखात शुभपत्राच्या कोपऱ्यांना हळद लावतात आणि मृत्यूच्या पत्राच्या कडेला काळे फासण्याची रीत होती. या संकेतांकडे आपण अशुभाची खूण म्हणून पाहतो. परंतु त्यांचे खरे काम उलट दिशेचे होते. माथ्यावर 'श्री' असलेले पत्र निर्धास्तपणे उघडता येत असे, ते अशुभाच्या पत्रावर 'श्री' कधीच नसे म्हणूनच.

आता गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची हकिगत. आमची आई ८४ वर्षांची. आम्ही नोकरीच्या निमित्ताने पापनाशमला राहावयास आल्यापासून ती आमच्याबरोबरच असते. भाच्याला लहानपणी तिनेच वाढविलेले. ३ ऑक्टोबर रोजी सकाळी मागच्या अंगणात ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. तंजावरला नेले, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया ठरली. गाडीत आडवी पडल्यापडल्या तिने आम्हांला बजावले, "पोराला यातलं काही कळवायचं नाही. तो पाण्यावर आहे." बहिणीचा फोन आला, तिचेही म्हणणे तेच. या खेपेस आम्ही 'हो' म्हणालो नाही. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला.

जहाज २९ सप्टेंबरला ब्राझीलच्या तुबाराँव बंदरातून लोहखनिज भरून चीनकडे निघाले होते. हा प्रवास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सुमारे अकरा हजार सागरी मैलांचा. तासाला तेरा मैल या वेगाने दिवसाला ३१२ मैल पडतात. म्हणजे चीनचे बंदर पस्तीस दिवसांवर. आई पडली त्या दिवशी जहाज चार दिवसांच्या वाटेवर, साडेबाराशे मैल पुढे गेलेले. केप ऑफ गुड होप तेथून आणखी दोन हजार मैल, म्हणजे साडेसहा दिवस. केप टाउनच्या बाहेर, जहाज बंदरात न शिरताही, लाँचने माणूस उतरविता येतो. त्यानंतर अशी सोय थेट सिंगापूरला, २७ ऑक्टोबरच्या सुमारास. एवढ्या हिशेबावरून एक गोष्ट स्पष्ट झाली : ३ तारखेला कळविले तर त्याच्यापुढे केपला उतरण्याचा प्रश्न विचार करण्याजोगा राहील, आठवडाभराने कळविले तर तो प्रश्न आपोआप निकालात निघालेला असेल, आणि तो निकाल आम्ही त्याच्या नकळत दिलेला असेल.

कायद्यानेही हा निर्णय त्याचाच मानला आहे. २००६ च्या सागरी श्रम करारात, ज्याला भारताने २०१५ साली मान्यता दिली, अशी तरतूद आहे की, घरच्या आपत्तीसारख्या निकडीच्या कारणासाठी नोकरीचा करार अल्प सूचनेने किंवा सूचनेवाचूनही, दंड न भरता, संपविण्याची दर्यावर्द्यांची गरज लक्षात घेतली पाहिजे. पण हा हक्क वापरावयाचा तर आधी आपत्ती कळावी लागते. घरच्यांनी वार्ता लपविली की, मालकाने नाकारला नसता असा हक्कही प्रेमळ नातेवाईक नाकारून बसतात.

आम्ही त्याला परस्पर फोन केला नाही. हल्ली पुष्कळ जहाजांवर इंटरनेट असते, आणि २०२४ च्या डिसेंबरापासून ते शक्य तेथवर उपलब्ध करून देण्याची अपेक्षा त्याच करारात घातली गेली आहे. परंतु पाळीवर जाण्याच्या दहा मिनिटे आधी मोबाइलवर असा निरोप वाचावा लागणे यासारखे वाईट नाही. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत नातेवाइकांसाठी एक फोन असतो; त्यावर आम्ही हकिगत सांगितली, शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरांचे मत सांगितले, आणि अशी विनंती केली की, कॅप्टनने त्याला पाळी संपल्यावर आपल्या खोलीत बोलावून सांगावे आणि लगेच घरी फोन करू द्यावा. दुसरी विनंती आमच्याच नातलगांना केली : तोपर्यंत कोणीही मोबाइलवर आईचा फोटो किंवा 'लवकर बऱ्या व्हा' असा मजकूर टाकू नये. आजच्या काळी लपवाछपवी फुटते ती अशाच एखाद्या दूरच्या चुलतभावाच्या प्रेमळ हातून.

त्याच रात्री त्याचा फोन आला. आवाज शांत होता. त्याने तीन गोष्टी विचारल्या : आजी शुद्धीवर आहे का, शस्त्रक्रिया कोण करणार, आणि आईजवळ कोण आहे. मग म्हणाला, "केपला उतरायचं म्हटलं तर माझ्या जागी माणूस तिथं वेळेवर पोचणं कठीण आहे, आणि माझ्यावाचून जहाज निघालं तर माणसांची किमान संख्या भरत नाही. मी विचारून बघतो." दोन दिवसांनी, शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे कळल्यावर, त्याने आपण होऊन सांगितले की तो उतरणार नाही, पुढच्या बंदरापर्यंत रोज दोन मिनिटे फोन करील. केपवरून जहाज पुढे गेले तेव्हा तो जहाजावरच होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की, आम्ही न कळविले असते तरी हेच झाले असते. पण दोहोंत फार अंतर आहे. एकात तो न कळल्यामुळे जहाजावर राहिला असता. दुसऱ्यात कळून, विचार करून राहिला. पहिल्यात त्याच्या आयुष्यातला एक निर्णय दुसऱ्यांनी केला असता.

आईला हे आम्हीच सांगितले. ती दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही. तिची आज्ञा मोडल्याचे आम्हांला वाईट वाटले, आणि ते वाटणे योग्यच होते. सत्य सांगितल्याने कोणीच दुखावत नाही असा आमचा दावा नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर तो तिच्यावर रागावला, "अंगणात ओल्या फरशीवर कशाला गेलीस?" त्यावर ती आम्हांला म्हणाली, "बघ, कसा ओरडतो." बऱ्याच दिवसांनी कोणी हक्काने ओरडले, याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग दिवाळीचे पत्र. फोन होत असताना पत्र कशाला, असे कोणी विचारील. सिंगापूरला जहाजावर एक नवा मनुष्य रुजू होणार होता. अशा माणसाच्या हाती घरचे पत्र आणि लहानसे पुडके देण्याची रीत या व्यवसायात आहे. फोन दोन मिनिटांत संपतो. कागद बंकच्या वर चिकटविता येतो. एका कागदाने जे बिघडले होते ते दुसऱ्या कागदानेच दुरुस्त व्हावे, अशीही आमची इच्छा होती. १२ ऑक्टोबरला आम्ही लिहावयास बसलो. पत्र मुंबईला जाणार, तेथून सिंगापूरला, आणि वाचले जाणार २७ च्या सुमारास, म्हणजे दिवाळी होऊन आठवडा लोटल्यावर. पंधरा दिवसांपूर्वीचे 'सर्व क्षेम' हे वाचतेवेळी क्षेम असेलच असे नाही. म्हणून आम्ही सगळी विधाने तारखेला बांधून टाकली. 'आज १२ तारखेला आजी आधार धरून अकरा पावले चालली. जखम कोरडी आहे. रात्री दुखते, झोप मोडते. डॉक्टर म्हणतात की काठीवर येण्यास तीन महिने लागतील. याच्या पुढचे आम्हांलाही ठाऊक नाही. जे होईल ते फोनवर कळवू.' माथ्यावर आम्ही 'श्री' लिहिले, आणि ते लिहिताना पाच वर्षांनी प्रथमच हात अडखळला नाही.

शुभेच्छा कशी लिहावी, हेही पापनाशमने शिकविले. येथे दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटेची. तुला महिन्यात गंगेसह सर्व नद्या कावेरीत येऊन राहतात अशी श्रद्धा आहे, आणि गावाजवळून वाहणारी कुडमुरुट्टी ही कावेरीचीच शाखा. त्या पहाटे अभ्यंग करून माणसे एकमेकांना भेटतात, तेव्हा 'शुभ दिवाळी' म्हणत नाहीत; 'गंगास्नान झाले का?' असे विचारतात. आम्हांला हे अभिवादन फार आवडले. आपल्या शुभेच्छा बहुधा विधानरूप असतात : दिवाळी सुखाची जावो, सर्व क्षेम असो. त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. हे अभिवादन प्रश्न आहे. समोरच्याचे काय चालले आहे ते ऐकून घ्यावयास ते थांबते. आम्ही पत्राच्या आरंभी तेच लिहिले : 'गंगास्नान झाले का?'

हा प्रश्न जहाजावरच्या माणसाला विचारण्यात थोडी गंमतही आहे. तेथे स्नानाचे पाणी समुद्रापासूनच करतात. इंजिन थंड करून तापलेले पाणी ज्या यंत्रात खेळवितात, त्यात हवेचा दाब इतका कमी केलेला असतो की समुद्राचे पाणी पन्नासेक अंशांवरच उकळते. त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळते. किनाऱ्यापासून वीस मैलांच्या आत, घाणीच्या भीतीने, ते यंत्र चालवीत नाहीत. म्हणजे खोल समुद्र लागला आणि इंजिन चालू राहिले, तरच आंघोळ. आणि त्या यंत्राची देखभाल ज्यांच्याकडे असते त्यांत आमचा भाचाही आहे.

आता मर्यादेविषयी दोन शब्द. सर्व काही लगेच सांगावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याची अजून खात्री झालेली नाही अशी शंका, डॉक्टरांचा निर्णय न लागलेली तपासणी, घरातील भांडणे, दुसऱ्याचे गुपित, हे समुद्रावर पाठविण्याचे कारण नाही. तो विचारील तेव्हा 'तपासणी चालू आहे, उत्तर आल्यावर सांगू' असे सांगता येते. राखून ठेवणे निराळे आणि नाकारणे निराळे. राखून ठेवलेली गोष्ट पुढे सांगितली तर ऐकणारा म्हणतो, 'तेव्हा का नाही सांगितलंत?' या प्रश्नाला उत्तर असू शकते. नाकारलेली गोष्ट पुढे कळली तर तो कागदावर बोट ठेवून विचारतो, 'हे कोणी लिहिलं?' या प्रश्नाला उत्तर नसते. पत्र बंद करण्यापूर्वी प्रत्येक ओळीला ही एक कसोटी लावावी : उद्या सारे कळल्यावर त्याने ही ओळ आमच्यासमोर धरली, तर आम्ही त्याच्या डोळ्यांकडे पाहू शकू काय?

आणि खरे तर हा सारा विचार पत्र लिहिताना नव्हे, तो निघतानाच व्हावयास हवा. आपल्याला काय कळावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याचा त्याचा आहे. कोणी म्हणेल, 'मृत्यू सोडून काही कळवू नका'. कोणी म्हणेल, 'सारे कळवा, पण कॅप्टनमार्फत.' त्याने स्वतः होऊन 'मला सांगू नका' म्हटले असेल, तर न सांगणे हे त्याचेच ऐकणे होय. ते फसविणे नव्हे. बॅग भरताना दहा मिनिटे बसून हे विचारावे, आणि आजीसमक्ष विचारावे, म्हणजे पुढे तिच्या आणि त्याच्या इच्छेत ओढाताण होत नाही. आमच्याकडून हे विचारावयाचे राहिले होते.

पापनाशममध्ये एकशेआठ शिवलिंगांचे मंदिर आहे. खर-दूषणांच्या वधाचे पाप फिटावे म्हणून रामाने येथे लिंगे स्थापिली, अशी येथील कथा. शत्रू मारल्याचेही ज्याने एवढे मनाला लावून घेतले, त्याच्या गावात बसून, 'प्रेमापोटी लिहिलेली एकच तर खोटी ओळ' असे म्हणून हात झटकणे आम्हांला जमले नाही. २८ ऑक्टोबरला सिंगापूरहून भाच्याचा निरोप आला. पत्र मिळाले होते. पहिल्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले होते, "स्नान झालं, पाणी आम्हीच केलेलं होतं." आणि खाली विचारले होते, "आजी आता किती पावलं चालते?" 'खरं ठीक आहे ना' हे मात्र या वेळी त्याने विचारले नव्हते.